अंगठीचा सातबारा

शापित वस्तू हा फँटसी लिहिणाऱ्यांचा सर्वांत आळशी शोध आहे, असं म्हणणं हल्ली चोखंदळपणाचं लक्षण मानलं जातं. युक्तिवाद ऐकायला मोठा तर्कशुद्ध वाटतो. लेखकाला एक भला माणूस बिघडलेला दाखवायचा असतो. पण माणूस कसा बिघडतो हे दाखवायला निरीक्षण लागतं, धीर लागतो, थोडंफार जग पाहिलेलं असावं लागतं. तेवढी शिदोरी नसली की लेखक त्या माणसाच्या बोटात अंगठी घालतो, हातात तलवार देतो, नाहीतर डोक्यावर मुकुट चढवतो. पुढचं काम धातू करतो. खून झाला? अंगठीनं करवला. सोबत्यावर हात उचलला? अंगठीनं उचलवला. अंगठी नष्ट झाली की माणूस झोपेतून उठल्यासारखा निर्दोष. जबाबदारी नको, प्रायश्चित्त नको, मानसशास्त्र तर नकोच. थोडक्यात, मोठ्या माणसांनी चवीनं वाचायची झपाटलेल्याची गोष्ट. आणि उदाहरण म्हणून हटकून पुढे केलं जातं टोल्किनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’.

फँटसीला नाकं मुरडणारे पूर्वीही होते, पुढेही राहतील. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते आरोपपत्राशी. ज्या पुस्तकाला आरोपी म्हणून उभं केलं जातं, त्या पुस्तकात हे घडतच नाही. आरोप करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चित्रपट पाहिलेले असतात. २००१ ते २००३ या तीन वर्षांत आलेल्या पीटर जॅक्सनच्या तिन्ही चित्रपटांत अंगठी चक्क कुजबुजते, माणसांचे डोळे तारवटतात, आवाज बदलतात. मनातलं काही पडद्यावर आणायचं तर ते ऐकू यावं किंवा दिसावं लागतं, ही दिग्दर्शकाची अडचण मी समजू शकतो. पण त्या कुजबुजीच्या आधारावर टोल्किनला संमोहनाचे प्रयोग करणारा ठरवायचं, हा कुठला न्याय?

पुस्तक उघडून एकच गोष्ट तपासावी: अंगठी हाती आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा काय बोलतो?

कथेतल्या तिसऱ्या युगाच्या २४६३व्या वर्षी डीगल नावाच्या साध्या माणसाला नदीच्या तळाशी अंगठी सापडते. काठावर असलेला त्याचा मित्र स्मीगल ती मागतो. ‘मला ती हवी आहे’ एवढं बोलून तो थांबत नाही. आज माझा वाढदिवस आहे, म्हणून ती मला दे, असं तो म्हणतो. डीगल सांगतो की वाढदिवसाची भेट तुला आधीच दिली आहे, तीही ऐपतीबाहेरची. स्मीगल त्याचा गळा दाबतो. तोच पुढे गॉलम होतो आणि सुमारे पाचशे वर्षं डोंगराच्या पोटात, अंधारात, कच्चे मासे खात ती अंगठी सांभाळतो. आता खरी पाहण्यासारखी गोष्ट: एवढ्या वर्षांत तो त्या खुनाला विसरत नाही. तो त्यावर एक कहाणी रचतो. अंगठी मला माझ्या आजीनं वाढदिवसाची भेट म्हणून दिली, तिच्याकडे अशा पुष्कळ होत्या. ही कहाणी तो स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगतो, इतकी की ती त्याला जवळजवळ खरी वाटू लागते.

धातूनं खून करवला असता तर या कहाणीची गरज काय होती? झपाटलेला माणूस शुद्धीवर आला की ‘मला काही आठवत नाही’ म्हणतो. इथला माणूस मालकी हक्काचा कागद तयार करतो. त्याला सातबाऱ्यावर आपलं नाव चढवायचं आहे, आणि आधीच्या मालकाचा खून झालेला असताना ते नीट चढत नाही, म्हणून तो आजीला मध्ये आणून वारसाहक्क दाखवतो. शाप कुठून आत शिरला असं विचाराल तर माझं बोट या नोंदीवर जाईल.

आता गॉलमच्या आधीचा माणूस पाहू, कारण तो गुन्हेगार नाही, राजा आहे. दुसऱ्या युगाच्या अखेरीस सॉरॉनचा पाडाव झाल्यावर इसिल्डुर त्याच्या बोटासकट अंगठी कापून घेतो. शेजारीच ज्वालामुखी आहे, अंगठी तिथेच नष्ट करता येते, आणि एल्रॉन्डसारखे जाणते सोबती तसा सल्लाही देतात. इसिल्डुर नाही म्हणतो. कारण? या युद्धात माझे वडील आणि भाऊ गेले. ही त्यांच्या रक्ताची भरपाई. इतकं सरळ, न्याय्य, कुठल्याही पंचायतीत टिकेल असं कारण. त्यात लोभाचा शब्दसुद्धा नाही. दोनच वर्षांत तो नदीत बाण लागून मरतो आणि अंगठी त्याच्या बोटातून निसटलेली असते.

ही भरपाई टोल्किननं सहज सुचली म्हणून घातलेली नाही. तो प्राचीन इंग्रजीचा प्राध्यापक होता आणि उत्तरेकडच्या जुन्या गाथा त्याच्या बोटांवर होत्या. ‘व्होल्सुंग’ गाथेत ओडिन, लोकी आणि हॉनिर हे देव प्रवासात एक पाणमांजर मारतात. ते निघतं ह्रेइडमार नावाच्या माणसाचा रूप बदललेला मुलगा. बाप भरपाई मागतो: पाणमांजराचं कातडं सोन्यानं भरा आणि बाहेरूनही सोन्यानं झाका. लोकी आन्दवारी नावाच्या बुटक्याला पकडून त्याचं सगळं सोनं लुबाडतो, त्याच्या हातातली शेवटची अंगठीही हिसकावतो, तेव्हा आन्दवारी तिला शाप देतो की जो कोणी तिचा धनी होईल तो मरेल. कातडं झाकून होतं, पण मिशीचा एक केस उघडा राहतो. तो झाकायला ओडिनला ती अंगठी ठेवावी लागते. हिशेब पुरा झाला, मुलाच्या जिवाची किंमत रीतसर चुकती झाली. मग त्याच ह्रेइडमारचा दुसरा मुलगा फाफ्निर त्या सोन्यासाठी बापालाच मारतो आणि त्यावर अजगर होऊन बसतो. 

मुलाच्या रक्ताची भरपाई मागणं हा लोभ आहे का? तो त्या काळच्या कायद्यानं दिलेला हक्क होता. शापित अंगठीची ही जुनी आणि प्रसिद्ध गोष्ट अशी एका पूर्ण कायदेशीर व्यवहारातून सुरू होते. हे ज्यांना ‘आळशी’ वाटतं त्यांनी कष्टाळू कथानक कशाला म्हणतात ते एकदा सांगावं.

पण सगळ्यात पक्का पुरावा बिल्बोचा आहे, आणि तो टोल्किनच्या स्वतःच्या टेबलावर घडलेला आहे. १९३७ साली ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झालं तेव्हा अंगठी ही फक्त अदृश्य होण्याची एक गमतीदार वस्तू होती. त्या पहिल्या आवृत्तीत गॉलम कोड्यांचा खेळ हरल्यास एक भेट द्यायचं कबूल करतो, आणि ती भेट म्हणजे हीच अंगठी. ती त्याला सापडत नाही (ती आधीच बिल्बोच्या खिशात असते), म्हणून बिचारा माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे मोठी कादंबरी लिहिताना टोल्किनच्या लक्षात आलं की या अंगठीचा धनी ती अशी देऊ करणं शक्यच नाही. १९५१च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यानं ते प्रकरण बदललं: आता गॉलम तिच्यासाठी वेडापिसा होतो, बिल्बोला चोर म्हणून शिव्या देतो.

एखाद्या साध्या लेखकानं जुनी आवृत्ती गुपचूप विसरून टाकली असती. टोल्किननं ती गोष्टीतच वापरली. जुनी आवृत्ती म्हणजे बिल्बोनं सोबत्यांना सांगितलेली थाप, असं त्यानं ठरवलं! अंधारात जमिनीवर सापडलेली वस्तू खिशात घातली, हे खरं. ती मला खेळात जिंकलेली भेट म्हणून मिळाली, ही थाप. बिल्बो एरवी खोटं बोलणारा माणूस नाही. त्याला ही थाप मारून काही मिळणारही नव्हतं. बुटक्यांपैकी कोणीही अंगठीवर दावा सांगितलेला नव्हता. गॅन्डाल्फला पहिला संशय येतो तो इथे. अंगठीची जादू पाहून नव्हे, तर हा सरळ माणूस तिच्याबद्दल विनाकारण खोटं का बोलतो, हे पाहून. आणि गॉलमची ‘वाढदिवसाची भेट’ त्याला कळते तेव्हा दोन्ही थापांमधलं साम्य त्याला बेचैन करतं. एकानं खून करून अंगठी मिळवली, दुसऱ्यानं कुणाला बोटही लावलं नाही; उलट गॉलमला मारायची संधी असताना दयेनं त्याला सोडून दिलं. तरी दोघांनी कागद एकाच नमुन्याचा केला.

ही दया मात्र वाया जात नाही. अंगठीच्या मालकीची सुरुवात बिल्बोनं दयेनं केली म्हणून तिनं त्याचं फार बिघडवलं नाही, असं गॅन्डाल्फ सांगतो. साठ वर्षं ती त्याच्या खिशात राहते. तो म्हातारा दिसत नाही, लोक कौतुक करतात, त्याला मात्र आतून विरल्यासारखं वाटतं. तिसऱ्या युगाच्या ३००१ साली आपल्या एकशे अकराव्या वाढदिवशी तो घर, शेत, सामान सगळं फ्रोडोला देऊन निघतो. अंगठीही पाकिटात घालून द्यायची असं ठरलेलं असतं, पण पाकीट खिशातच राहतं. गॅन्डाल्फ विचारतो तेव्हा बिल्बो चिडतो, ती माझी आहे म्हणतो, त्याचा हात तलवारीच्या मुठीकडे जातो. शेवटी कबूल होऊनही तो पाकीट खिशात घेऊनच दाराकडे वळतो. ते ठेवताना हात झटकल्यासारखा मागे येतो, पाकीट खाली पडतं. क्षणभर चेहऱ्यावर राग, मग एकदम सुटल्याचं हसू. आता सांगा, यात ‘जबाबदारी नाही’ कुठे आहे? अख्खं घर सोडणं सोपं आणि खिशातलं पाकीट सोडणं अवघड, हे दाखवायला टोल्किननं किती पानं आणि किती बारकावे खर्च केले आहेत! अंगठी कुजबुजत नाही. माणूसच आपली बाजू मांडत बसतो.

आता दुसरा कंपू. हे लोक पहिल्यांपेक्षा शहाणे; ते म्हणतात, अंगठी म्हणजे सत्ता, आणि सत्ता माणसाला भ्रष्ट करते, एवढंच टोल्किनला सांगायचं आहे. मग एवढी हजार पानं कशाला? ठीक, तेही तपासू. गॉलमला पाचशे वर्षांत कोणती सत्ता मिळाली? त्यानं कोणावर राज्य केलं? एका भूमिगत तळ्यातल्या बेटावर बसून तो मासे पकडत होता, आणि जमलंच तर एखादा चुकार गॉब्लिन. बिल्बोनं साठ वर्षांत अंगठीचा उपयोग प्रामुख्यानं नकोसे पाहुणे टाळायला केला. ज्या दोघांनी ती सर्वांत जास्त काळ बाळगली त्यांना सत्तेचा वासही लागलेला नाही. अंगठी बाळगणाऱ्याला त्याच्या कुवतीप्रमाणे सामर्थ्य देते, हे पुस्तकात स्पष्ट आहे. पण बिघाड मात्र कुवतीची वाट पाहत नाही.

तिसरे व्यसनवाले. अंगठी म्हणजे दारू, अंगठी म्हणजे गर्द. गॉलमचं खंगणं, फ्रोडोचं झुरणं, सगळं जुळतं. काही अंशी जुळतंच, तेवढं मी देतो. पण बोरोमिरचं काय करायचं? त्यानं अंगठीला एकदाही हात लावलेला नाही. चार महिने तो तिच्या आसपास वावरतो, एवढंच. न प्यायलेल्या दारूचं व्यसन लागलेला माणूस कुणी पाहिला आहे का? आणि त्याचं बोलणं ऐका. त्याचं शहर शत्रूच्या तोंडाशी आहे, त्याची माणसं रोज मरताहेत. अंगठी तुला योगायोगानं मिळाली, ती मला मिळू शकली असती, खरं तर माझीच असायला हवी, असं तो फ्रोडोला म्हणतो. विनंती, मग युक्तिवाद, मग दावा, मग झडप. व्यसनी माणूस मागतो, चोरतो. दावा दाखल करत नाही. आणि अंगठी दूर जाताच बोरोमिर निर्दोष होऊन नाचतही नाही. तो रडतो, दोन पोरांना वाचवताना अंगभर बाण खातो आणि मरताना कबुली देतो की मी अंगठी हिसकावू पाहिली. प्रायश्चित्त नाही म्हणणाऱ्यांनी ही दोन पानं वगळली असावीत.

दारू सगळ्यांना एकच गोष्ट देते. अंगठी प्रत्येकाला त्याच्याच मनातली सर्वांत चांगली गोष्ट देऊ करते. सॅम माळी आहे. सीमेवरच्या डोंगरात फ्रोडो मेला असं वाटून तो थोडा काळ अंगठी सांभाळतो, तेव्हा त्याला आपल्या हुकमानं त्या राखेच्या पठाराची बाग झालेली दिसते. त्याला हसू येतं, कारण त्याला एका माळ्याच्या हाताला पुरेल एवढीच बाग हवी आहे. गॅन्डाल्फला फ्रोडो अंगठी आपणहून देऊ करतो तेव्हा तो घाबरून नाही म्हणतो: ती माझ्यात दयेच्या वाटेनं शिरेल. १९६३ साली एका वाचक बाईंना लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यात टोल्किननं हा धागा शेवटपर्यंत नेला आहे. गॅन्डाल्फ अंगठीचा धनी झाला असता तर तो सॉरॉनपेक्षा वाईट ठरला असता, असं तो लिहितो. तो न्यायीच राहिला असता, लोकांचं भलंच करत राहिला असता, आणि शेवटी भल्याचीच लोकांना शिसारी आली असती. दुष्टपणा धातूत ओतून मोकळा होणारा लेखक असं लिहितो?

मग न बिघडणारे कोण, हेही पाहायला नको का? टॉम बॉम्बाडिलवर अंगठीचा परिणाम शून्य. तो ती बोटात घालतो, अदृश्य होत नाही, हसत परत देतो. समीक्षक त्याला कथेतलं विनाकारण ठिगळ समजतात. पण त्याच्या घरी फ्रोडो विचारतो की ही सगळी भूमी त्याचीच का, तेव्हा त्याची बायको सांगते की नाही, इथली झाडं, गवत, जनावरं ज्याची त्याची आहेत. ज्याला कशाचीच मालकी नको त्याच्या नावावर अंगठी तरी कशी चढणार?

दुसरा ॲरागॉर्न, आणि इथे पुस्तकाचा कणा आहे. एल्रॉन्डच्या सभेत कळतं की हा रानोमाळ भटकणारा माणूस इसिल्डुरचा थेट वारस आहे. फ्रोडो ताडकन उठून म्हणतो, मग ती तुझीच आहे, माझी नाहीच! वारसाहक्कानं पाहिलं तर खरंच आहे. इसिल्डुरची वस्तू, इसिल्डुरचा वंशज. याच्याइतका निर्विवाद दावा साऱ्या कथेत कोणाचा नाही. ॲरागॉर्न उत्तर देतो की ती तुझीही नाही, माझीही नाही. तू ती काही काळ सांभाळावीस एवढंच ठरलेलं आहे. एका वाक्यात तो नोंद खोडतो. शेवटी राजमुकुट ज्याच्या डोक्यावर येतो तो हा माणूस आहे, हे टीकाकारांच्या नजरेतून कसं निसटतं?

तलवारींचा मुद्दा लवकर उरकतो, कारण तिथे टीकाकारांना थोडी जागा आहे. जुन्या गाथेतली टिर्फिंग म्यानाबाहेर आली की तिला दर वेळी एक बळी लागतोच. इथे शाप खरोखर यंत्रासारखा चालतो. पण ती बनली कशी? स्वाफ्रलामी राजानं दोन बुटक्यांना कोंडीत पकडून, जिवाची भीती घालून ती घडवून घेतली. शाप त्या जबरदस्तीची किंमत आहे, आणि पुढे तो स्वतः तिच्याच पात्यानं मरतो. मायकल मूरकॉकच्या एल्रिकची स्टॉर्मब्रिंगर (पहिली कथा १९६१ची) माणसांचे आत्मे पिऊन धन्याला बळ देते. तिनं त्याच्या प्रेयसीचा जीव घेतल्यावर एल्रिक तिला समुद्रात फेकतो. ती बुडत नाही. आणि तो पोहत जाऊन तिला परत आणतो. तलवार बुडाली नाही ही जादू. पोहत जाणं ही जादू आहे का? मूरकॉकनं टोल्किनवर कडक टीका केली आहे आणि दोघांच्या आवडीनिवडीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तरी निर्णायक क्षणी दोघेही माणसालाच पाऊल उचलायला लावतात.

मुकुटाकडे येऊ, कारण तिथे माझ्या म्हणण्याची खरी कसोटी लागते. टोल्किनच्या मृत्यूनंतर १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये मॉर्गॉथ सिल्मरिल नावाची तीन रत्नं चोरून आपल्या लोखंडी मुकुटात बसवतो. त्यांच्या स्पर्शानं त्याचे हात जळून काळे पडतात, मुकुटाचं ओझं त्याला असह्य होतं, तरी तो मुकुट उतरवत नाही. पण ही रत्नं शापित नाहीत. ती पवित्र आहेत. पापी हाताला भाजावं असा त्यांना वर मिळालेला आहे. तरीही त्यांच्यापायी झालेला रक्तपात अंगठीपायी झालेल्या रक्तपातापेक्षा कमी नाही, कारण ती घडवणारा फेआनोर आणि त्याचे सात मुलगे शपथ घेतात की जो कोणी ही रत्नं आमच्यापासून दूर ठेवील त्याचा आम्ही पाठलाग करू, मग तो देव असो वा भाऊ. हक्क अगदी खरा! घडवणाऱ्याचा हक्क, वारसांचा हक्क. त्या हक्कासाठी ते भाऊबंदांची बंदरं आणि आसरे रक्तानं भिजवतात. अखेरीस उरलेले दोघे भाऊ, मायध्रोस आणि मॅग्लोर, उरलेली दोन रत्नं पहारेकऱ्यांना मारून हस्तगत करतात, आणि ती त्यांच्या तळहातांना जाळतात. मायध्रोसला तेव्हा उमगतं की आपला हक्क केव्हाच संपला आहे. तो रत्नासकट आगीच्या दरीत उडी घेतो. मॅग्लोर आपलं रत्न समुद्रात फेकतो.

वस्तू दुष्ट असली तर माणूस बिघडतो, वस्तू पवित्र असली तरी माणूस तसाच बिघडतो. मग बिघाड वस्तूत आहे म्हणणाऱ्यांनी याची संगती लावून दाखवावी.

हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ म्हणून झटकणाऱ्यांना चतुर्थीच्या चंद्राची आठवण करून देतो. आपल्या घरांत भाद्रपद चतुर्थीला चंद्र पाहू नये म्हणतात, पाहिला तर आळ येतो, आणि दाखला दिला जातो कृष्णावर आलेल्या स्यमंतक मण्याच्या आळाचा. मणी सत्राजिताला सूर्याकडून मिळालेला, रोज सोनं देणारा. तो घालून शिकारीला गेलेला त्याचा भाऊ प्रसेन मरतो, पुढे खुद्द सत्राजिताचा झोपेत खून होतो, संशय कृष्णापर्यंत येतो, बलराम भावावर रुसतो. विष्णुपुराणात या गोष्टीचा शेवट भर सभेत होतो. अक्रूराकडे मणी निघतो तेव्हा बलराम आणि सत्यभामा दोघांच्याही मनात तो आपला असावा असं येतं, आणि सत्यभामेच्या वडिलांचाच तो असल्यामुळे तिचा दावा तर पक्काच. कृष्ण सांगतो की हा मणी शुचिर्भूत माणसानंच बाळगावा. इतक्या बायका असलेला मी त्याला योग्य नाही, मद्य पिणारा बलराम नाही, सत्यभामाही नाही. अक्रूरा, तूच ठेव. ॲरागॉर्नच्या उत्तराच्या कित्येक शतकं आधी, हक्क असलेल्यांनी हक्क सोडण्याची ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जात होती.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो लोक मोठ्या विजयी मुद्रेनं काढतात. फ्रोडो शेवटी हरतोच ना? ज्वालामुखीच्या कडेला उभा राहून तो अंगठी टाकत नाही, बोटात घालतो. गॉलम त्याचं बोट चावून तोडतो आणि अंगठीसकट पाय घसरून आगीत पडतो. म्हणजे एवढा प्रवास निरर्थक, आणि जग वाचलं ते अपघातानं!

फ्रोडो तिथे काय म्हणतो ते आधी वाचावं. ‘मला जमत नाही’ असं तो म्हणत नाही. जे करायला आलो ते मी न करण्याचं ठरवलं आहे, असं तो म्हणतो, आणि लगेच अंगठी माझी आहे असं जाहीर करतो. अठरा वर्षं त्यानं ती सांभाळली, एकदा गॅन्डाल्फला आणि एकदा गॅलाड्रिएलला ती देऊ केली. पण शेवटच्या टप्प्यात सॅमनं जपून ठेवलेली अंगठी परत घेताना त्यानं सॅमलाच चोर म्हटलं होतं. नोंद तेव्हाच चढली होती. त्या जागी कोणाचाही निभाव लागला नसता, असं टोल्किननं १९६३च्या त्याच मसुद्यात बजावलं आहे, आणि फ्रोडोला नैतिक अपयशाचा दोष द्यायला तो साफ नकार देतो. मी त्यापुढे जाणार नाही.

अपघाताचं म्हणाल तर गॉलम तिथे जिवंत का आहे? बिल्बोनं त्याला सोडलं, फ्रोडोनं सोडलं, आणि अगदी काही क्षणांपूर्वी सॅमनंही सोडलं. शिवाय त्यानं फ्रोडोसमोर अंगठीची शपथ घेतलेली आहे, आणि तेव्हाच फ्रोडोनं त्याला बजावलं आहे की ही शपथ तुला धरून ठेवील आणि अंगठी तुझे शब्द फिरवूही शकेल. डोंगर चढताना तो पुन्हा सांगतो की मला परत हात लावलास तर तू स्वतःच आगीत जाशील. गॉलम हात लावतो. तो आगीत जातो. याला अपघात म्हणायचं असेल तर न्यायालयाच्या निकालालाही अपघातच म्हणावं लागेल.

आणि नंतर कोणी निर्दोष होऊन घरी परतत नाही. फ्रोडो दर वर्षी जखमांच्या तारखांना आजारी पडतो, सगळं गेलं म्हणून झुरतो आणि तीन वर्षांच्या आत आपलं गाव कायमचं सोडतो. त्याआधी तो म्हाताऱ्या बिल्बोला भेटतो. अंगठी वितळून गेलेली आहे, युद्ध संपलं आहे, धातूचा कणही शिल्लक नाही. गप्पांच्या ओघात बिल्बो विचारतो, फ्रोडो, तू नेलेल्या माझ्या अंगठीचं पुढे काय झालं?

‘माझ्या.’ ज्या वस्तूनं सगळं करवलं म्हणता ती वस्तू जगात नाही, आणि दावा तसाच उभा आहे. तेव्हा यापुढे कोणी ‘अंगठीनं करवून घेतलं’ असं म्हणालं तर त्याला एवढंच विचारा की कोणत्या पानावर. पान तो दाखवू शकणार नाही. मग त्याच्या हातात पुस्तक द्या आणि एल्रॉन्डच्या सभेचं प्रकरण उघडून द्या.